डेझर्ट कपाला पाणी का सुटते?

मे महिन्यात ठाण्यातल्या कोणत्याही गृहसंकुलात वाढदिवस असला, की केकच्या शेजारी पारदर्शक डेझर्ट कपांची रांग हमखास दिसते. तळाशी बिस्किटांचा चुरा, त्यावर पांढरे क्रीम आणि वर हापूसच्या फोडी असतात. आदल्या रात्री भरून ठेवलेले हे कप त्या वेळी अगदी चित्रासारखे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर काढले, की त्यांचे रूप पालटलेले असते. तळाशी बोटभर पिवळट पाणी जमलेले असते, बिस्किटांचा लगदा झालेला असतो, क्रीम काचेपासून सुटून मधोमध खचलेले असते आणि थरांची सरळ रेघ ओघळांनी पुसलेली असते. मी पहिल्यांदा भाच्याच्या वाढदिवसासाठी असे बारा कप घेऊन कोपरखैरण्याला गेले होते, तेव्हा एकाने अगदी निरागसपणे विचारले, की हे मिल्कशेक चमच्याने खायचे का.

त्या दिवशी मी सगळा दोष बिस्किटांवर ढकलला होता. पुढे बरेच कप बिघडवल्यावर लक्षात आले, की बिस्किट हा यातला सर्वांत निर्दोष घटक आहे. पाणी येते ते फळातून आणि क्रीममधून, आणि बिस्किट फक्त ते पिते. थर कोणत्या क्रमाने लावायचे याबद्दल सल्ले पुष्कळ मिळतात, परंतु प्रत्येक थरातले मोकळे पाणी आधी बांधून टाकले नाही, तर कोणताही क्रम कामाला येत नाही. ‘मोकळे पाणी’ हा शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येईल. पदार्थातल्या पिठाने, प्रथिनाने किंवा साखरेने धरून न ठेवलेले आणि म्हणून जागा मिळाली की वाहू लागणारे पाणी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

## कोशिंबिरीला पाणी सुटते तसेच

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ अगदी पानात वाढायच्या वेळी घालावे, हे आपल्याकडे कोणी मुद्दाम शिकवत नाही, ते पाहूनच कळते. मीठ आधी घातले, तर अर्ध्या तासात वाटीत पाणी साचते. काकडीच्या पेशींच्या आत पाणी असते आणि बाहेर मिठाचे दाट द्रावण तयार झाले, की आतले पाणी पेशीच्या पडद्यातून त्या दाट बाजूकडे ओढले जाते. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हटलेले असते. साखर नेमके हेच काम करते. आंब्याच्या फोडी आंबट निघाल्या म्हणून त्यांवर चमचाभर पिठीसाखर भुरभुरली, किंवा गोड क्रीमवर फळाच्या उघड्या कापलेल्या फोडी ठेवल्या, की तीच कोशिंबीर कपात सुरू होते.

फोड जितकी लहान, तितकी कापलेली बाजू जास्त आणि तितका रस जास्त, त्यामुळे नीटस दिसावे म्हणून केलेले बारीक तुकडे इथे अंगलट येतात. फळाफळांतही फरक आहे. हापूसचा गर दाट असतो आणि त्याच्या फोडी बऱ्यापैकी धरून राहतात. हिवाळ्यात महाबळेश्वरहून येणारी स्ट्रॉबेरी कापली, की तासाभरात ताटलीत लाल डबके दिसते. डाळिंबाचे दाणे अखंड असतील, तर जवळजवळ काहीच सोडत नाहीत. ताजा अननस आणि किवी यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्यातली विकरे (म्हणजे प्रथिने तोडणारे नैसर्गिक घटक) दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात आणि क्रीम पातळ तर होतेच, शिवाय कडवटही लागते. अननस साखरेत पाच मिनिटे उकळून घेतला, की विकरे निकामी होतात आणि मग तो बिनधास्त वापरता येतो. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तो चालतो.

## क्रीम घट्ट दिसते, पण ते असते हवेचे

फेटलेले क्रीम म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचा ढीग असतो. फेटताना स्निग्धांशाचे बारीक कण एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि बुडबुड्यांभोवती भिंत उभी करतात, आणि क्रीममधले पाणी या भिंतींच्या फटींत अडकून राहते. भिंत मजबूत असेल तोवर पाणी जागेवर राहते आणि भिंत ढासळली, की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, क्रीम बसते आणि फटींतले पाणी खाली झिरपते.

भिंत ढासळण्याचे पहिले कारण म्हणजे स्निग्धांश कमी असणे. किराणा दुकानात भाजीच्या रश्शासाठी मिळणाऱ्या छोट्या खोक्यातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो आणि ते कितीही फेटले, तरी उभे राहत नाही. फेटण्यासाठी निदान ३० टक्के लागतो आणि ३५ टक्के असेल तर काम सोपे होते. खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्यावा.

दुसरे कारण उष्णता, आणि ठाण्या-नवी मुंबईत हेच सर्वांत मोठे आहे. स्निग्धांशाचे कण थंड आणि अर्धवट घट्ट असतील, तरच एकमेकांना धरतात. मे महिन्यात ओट्यापाशी ३३-३४ अंश असतात, आणि क्रीम दहा अंशांच्या वर गेले, की भिंत नीट बांधलीच जात नाही. म्हणून क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये हवे. भांडे आणि फेटणीची पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि फेटताना खाली बर्फाच्या पाण्याची परात घ्यावी. पंखा बंद करून घामाघूम होण्याची गरज नाही, मात्र गॅसच्या शेजारी उभे राहून क्रीम फेटू नये.

तिसरे कारण चमत्कारिक वाटेल, पण ते अति फेटण्याचे आहे. ‘जितके घट्ट तितके टिकाऊ’ असे समजून आपण फेटत राहतो, आणि साय घुसळताना लोणी वर येऊन ताक वेगळे होते, तेच इथेही घडते. क्रीम खडबडीत आणि किंचित पिवळसर दिसू लागले, म्हणजे लोण्याच्या वाटेला लागले आहे. तेव्हा ते घट्ट वाटते, पण त्यातले ताक सुटे झालेले असते आणि रात्रभरात ते तळाशी जाते. फेटणी वर उचलल्यावर शेंडा उभा राहावा आणि टोक थोडेसे वाकावे, तिथे हात थांबवायचा.

## चक्का हा आपला घरचा उपाय

फेटलेले दुधाचे क्रीम कितीही नीट बांधले, तरी वीस तासांत ते थोडे पाणी सोडतेच. त्यात आधार म्हणून काय घालावे, याची उत्तरे अनेक आहेत, पण माझे मत चक्क्याच्या बाजूने आहे. दही फडक्यात टांगून आपण त्यातले मोकळे पाणी आधीच काढून टाकलेले असते आणि उरलेली प्रथिने क्रीमच्या भिंतीला जणू गिलावा करतात. श्रीखंड वाडग्यात दोन दिवस उभे राहते, ते याच जोरावर. मात्र चक्का पुरता निथळलेला हवा. अर्धा किलो दही फ्रिजमध्येच आठ तास टांगले, तर साधारण २०० ग्रॅम चक्का मिळतो. चमच्याने दाबल्यावर कडेला पाणी दिसत असेल, तर आणखी दोन तास थांबावे. दही गोडसर आणि ताजे असावे, नाहीतर हापूसशेजारी आंबटपणा नको तितका जाणवतो.

साखर कुठे आणि कशी घालायची, यालाही महत्त्व आहे. चक्क्यात साखर घातली, की तो सैल होतो, हे श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून इथे साखर चक्क्यात न घालता क्रीम फेटताना घालावी, आणि ती दाणेदार न घेता पिठीच घ्यावी. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा थोडे कॉर्नफ्लोर असते आणि त्याचाही हातभार लागतो.

## गाळण्यावरची परीक्षा

आपले क्रीम पाणी सोडणार आहे की नाही, हे बारा कप भरण्याआधीच कळू शकते. वाटीवर चहाचे कोरडे गाळणे ठेवावे, त्यात तयार क्रीमचा मोठा चमचाभर गोळा ठेवावा, वर झाकण घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी वाटीत पाहावे. मी एकदा तीन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. नुसत्या फेटलेल्या क्रीमखाली चहाच्या लहान चमच्याइतके पाणी होते, जास्त फेटलेल्या क्रीमखाली त्याच्या दुप्पट आणि गढूळ पाणी होते, आणि चक्का घातलेल्याखाली फक्त दोन थेंब होते. जेव्हा क्रीमचा किंवा दह्याचा ब्रँड बदलतो, तेव्हा ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण खोक्यावरचा आकडा तोच असला, तरी वागणूक तीच असते असे नाही.

## बिस्किट पाणी पिते, पण किती वेगाने?

चहात बुडवलेले मारी बिस्किट दोन सेकंदांत वाकते आणि तिसऱ्या सेकंदाला कपात पडते. बिस्किट भाजून जवळजवळ कोरडे केलेले असते आणि त्यात असंख्य बारीक पोकळ्या असतात. या पोकळ्या शाईटिपाच्या कागदासारखे पाणी वर खेचतात. याखेरीज दुसरीही एक ओढ असते. ओल्या आणि कोरड्या पदार्थाची एका बंद डब्यात गाठ पडली, की ओलावा हळूहळू कोरड्याकडे जातो, मग ते एकमेकांना चिकटलेले असोत वा नसोत. कुरकुरीत पापड आणि भाजी एका डब्यात दिल्यावर पापडाचे काय होते, ते शाळेत डबा नेलेल्या कोणालाही सांगायला नको.

ही ओढ पूर्ण थांबवता येत नाही, ती फक्त मंद करता येते, आणि त्यासाठी प्रत्येक कणाला स्निग्ध पदार्थाचा पातळ लेप द्यावा लागतो. बहुतेक जण वितळलेले बटर ओततात. अडचण अशी, की बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणीच असते आणि ज्याच्यापासून वाचवायचे, तेच आपण थोडेसे आत सोडतो. यावर सोपा उपाय आहे. बिनमिठाचे बटर मंद आचेवर ठेवावे, ते तडतडू लागते, फेस येतो आणि थोड्या वेळाने तडतड थांबते. तडतड थांबली म्हणजे पाणी उडून गेले. तूप होण्याच्या अगदी अलीकडे गॅस बंद करावा. थेट साजूक तूप वापरले तरी चालते, परंतु फ्रिजमध्ये ते रवाळ गोठते आणि जिभेवर मेणासारखे लागते, म्हणून मला ते तितकेसे आवडत नाही.

चुऱ्याचा आकार हा मुद्दा सहसा कोणी बोलत नाही. मिक्सरमधून काढलेले बिस्किटांचे पीठ दाबले, की दिसायला सुबक थर होतो, पण त्याचा पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे ते सर्वांत आधी लगदा होते आणि भरताना त्याची धूळ काचेवर चिकटून वरच्या पांढऱ्या थरावर तपकिरी डाग पडतात. पिशवीत घालून लाटण्याने कुटलेला, ज्वारीच्या कण्यांएवढा चुरा घ्यावा आणि पीठ चाळणीने वेगळे काढावे. चाळून उरलेले पीठ दुधात घालून खाण्यास घरात कोणी ना कोणी तयार असतेच.

## बारा कपांचा हिशेब

आता प्रत्यक्ष एक खेप करून पाहू. झाकणाचे १५० मिलिलिटरचे बारा कप धरू, आणि ते आदल्या रात्री नऊला भरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला वाढायचे आहेत, म्हणजे वीस तास टिकवायचे आहेत, असे मानू.

बिस्किटांचा चुरा चाळल्यावर १८० ग्रॅम भरला पाहिजे. तो कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे परतावा, कारण उघड्या पुड्यातल्या बिस्किटांनी इथल्या दमट हवेतून आधीच ओलावा घेतलेला असतो. कोमट झाल्यावर त्यात वरीलप्रमाणे तापवलेले ६० ग्रॅम बटर चोळून मिसळावे आणि ताटात पसरून पूर्ण गार करावे. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा, इतकाच स्निग्धांश पुरे. तेलकट चकाकी दिसली, तर बटर जास्त झाले आहे आणि फ्रिजमध्ये त्याची वीट होईल. प्रत्येक कपात २० ग्रॅम चुरा जातो.

आंब्याचा थर दोन भागांत करायचा. ३०० ग्रॅम आमरस, चवीपुरती साखर आणि दोन चमचे पाण्यात कालवलेले १० ग्रॅम कॉर्नफ्लोर एकत्र करून सतत ढवळत शिजवावे आणि बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी दोन मिनिटे आचेवर ठेवावे. कॉर्नफ्लोरचे कण फुगून पाणी धरतात, ते पुरेशा उष्णतेनंतरच. अर्धवट शिजलेले असेल, तर कच्ची चवही येते आणि पाणीही सुटते. थंड स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाकून ताटली तिरकी करावी. थेंबाभोवती पाण्याचे कडे पसरले नाही, म्हणजे शिजले. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. चव पाहिलेला उष्टा चमचा पुन्हा पातेल्यात घालू नये. हा सोवळ्याचा भाग नाही, लाळेतले विकर पिठाचे तुकडे करते आणि घट्ट झालेला रस तासाभरात पातळ होतो. रस पूर्ण गार झाल्यावर, टिपकागदावर कोरड्या केलेल्या १५० ग्रॅम फोडी त्यात हलक्या हाताने मिसळाव्यात. फोडींतून जो थोडाफार रस सुटेल, तो बाहेर न जाता या दाट रसात जिरतो. वरून मोकळ्या फोडी ठेवल्या, तर हीच सोय राहत नाही.

क्रीमसाठी ३५ टक्क्यांचे ३०० मिलिलिटर थंड क्रीम ५० ग्रॅम पिठीसाखर घालून फेटावे आणि शेंडा किंचित वाकतो तिथे थांबावे. २०० ग्रॅम चक्का आधी चमच्याने गुळगुळीत घोटून घ्यावा. त्यात क्रीमचा एक डाव मिसळून तो सैल करावा आणि मग उरलेले क्रीम वरून खाली असे उलटवत मिसळावे. फेटणी पुन्हा लावू नये. एवढ्यातून साधारण ७५० मिलिलिटर मिश्रण होते, म्हणजे प्रत्येक कपाला सुमारे ६० मिलिलिटर. चुरा, क्रीम आणि आंबा मिळून कप झाकणाखाली अर्ध्या बोटाइतका रिकामा राहतो, आणि ती जागा मुद्दाम सोडलेली असते.

चुरा आणि क्रीम यांच्यामध्ये आणखी एक बांध घालायचा असेल, तर गार चुऱ्यावर वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पाऊण चमचा ब्रशने पसरावा. फ्रिजमध्ये पाच मिनिटांत त्याचे कवच होते आणि खाताना चमच्याखाली ते टचकन फुटते. वीस तासांसाठी मी हा बांध घालते, पाच-सहा तासांचा प्रश्न असेल तर घालत नाही.

## सरळ रेघ ही केवळ शोभा नव्हे

थर नीटस भरणे आणि पाणी न सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मला पूर्वी वाटत असे. त्या एकच आहेत. क्रीम आणि काच यांच्यामध्ये बारीकशी पोकळी राहिली, तर ती उभ्या नळीसारखे काम करते. वरचा रस त्या फटीतून सरळ खाली उतरतो आणि मधले क्रीम ठणठणीत असूनही तळाचा चुरा भिजतो. बाहेरून दिसणारा ओघळ हा त्या नळीचाच मार्ग असतो.

म्हणून कप आतून पूर्ण कोरडा हवा. धुतलेल्या कपात राहिलेल्या थेंबांवर क्रीम धरत नाही. चुरा सपाट बुडाच्या लहान बाटलीने किंवा औषधाच्या टोपणाने हलके दाबावा आणि कडेला विशेष लक्ष द्यावे. क्रीम चमच्याने मधोमध टाकले, की ते कडेला पोहोचेपर्यंत हवा अडकते. त्याऐवजी पायपिंग बॅगेत, नाहीतर कोपरा कापलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, टोक काचेला टेकवून आधी कडेने एक पूर्ण वळसा घालावा आणि मग आतली जागा भरावी. कप ओट्यावर घडी केलेल्या फडक्यावर दोनदा हळूच आपटावा. जोरात आपटला, तर क्रीम चुऱ्यात घुसते. मग कप वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावेत आणि क्रीम जरा बसल्यावरच आंबा घालावा. आंब्याचा रस क्रीमपेक्षा बराच जड असल्याने मऊ क्रीमवर घातला, तर मधोमध खड्डा करून बुडतो.

दोन-तीन वेळा चुरा-क्रीम, चुरा-क्रीम असे पट्टे दिसायला सुंदर असतात, हे मान्य. पण मधल्या चुऱ्याला ओलावा वरून आणि खालून असा दोन्हीकडून मिळतो, आणि थर पातळ असल्याने तो आधी हार मानतो. आदल्या रात्री करायचे असतील, तर एकच जाड थर तळाशी ठेवावा आणि थोडा चुरा वेगळ्या डबीत ठेवून ऐन वेळी वर भुरभुरावा.

## पण बिस्किट मऊच बरे लागते, त्याचे काय?

हा आक्षेप रास्त आहे. आमच्याकडेही एक गट असा आहे, ज्याला केकसारखे मऊ झालेले बिस्किटच आवडते. तसे हवे असेल, तर चॉकलेटचा बांध नको, बटर ४० ग्रॅमवर आणावे आणि कप रात्रभर राहू द्यावा. मऊ बिस्किटाने ओलावा आत घेतलेला असतो, पण बाहेर पाणी दिसत नाही. लगदा झालेल्या बिस्किटाला त्याच्या पेलण्यापलीकडे पाणी मिळालेले असते. पाणी बांधण्याची काळजी म्हणूनच दोन्ही पंथांना सारखीच घ्यावी लागते.

## जिलेटिन किंवा चायना ग्रास घातले तर?

जिलेटिनने क्रीम निश्चित टिकते. ३०० मिलिलिटरला एक सपाट चमचा पुरतो. मात्र ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, आणि वाढदिवसाला येणाऱ्या सगळ्यांना ते चालेल असे गृहीत धरणे बरोबर नाही. चायना ग्रास शाकाहारी आहे, पण ते उकळून विरघळवावे लागते आणि ४० अंशांच्या आसपास आले, की गोठू लागते. थंड क्रीममध्ये ओतताच त्याच्या रबरी तारा होतात. आंब्याच्या गरम रसात ते नीट मिसळते खरे, पण त्याची जेली स्वतःच काही तासांनी पाणी सोडते, म्हणून या कपासाठी मला कॉर्नफ्लोरच योग्य वाटते.

## नॉन-डेअरी क्रीमने सगळे प्रश्न सुटतात ना?

बरेचसे सुटतात. केकवाले तेच वापरतात, ते वनस्पतिजन्य स्निग्धांशाचे असते, त्यात पाणी धरणारे घटक आधीच घातलेले असतात आणि मे महिन्यातही ते बराच वेळ उभे राहते. ते बहुधा गोडच येते, तेव्हा वेगळी साखर घालू नये. टाळूला चिकटणारी त्याची चव हापूसशेजारी मला खटकते, पण शंभर कपांची ऑर्डर असलेल्या घरगुती व्यावसायिकाला त्याबद्दल नावे ठेवण्यात अर्थ नाही. अर्धे ते आणि अर्धे दुधाचे क्रीम, असा मध्यममार्गही चांगला चालतो. फळाच्या थराची काळजी तरीही घ्यावीच लागते, कारण आंब्याचा रस क्रीम कोणते आहे हे पाहून थांबत नाही.

कप फ्रीझरमध्ये ठेवून टिकवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. फळातले पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, कॉर्नफ्लोरची जाळीही गोठून सुटताना पाणी सोडते, आणि कप वितळल्यावर आपण जिथून सुरुवात केली, तिथेच परत येतो.

## बिघडलेला कप काय सांगतो

पाणी कुठे आणि कोणत्या रंगाचे आहे, यावरून चूक ओळखता येते. आंबा आणि क्रीम यांच्या सीमेवर स्वच्छ पिवळी रेघ दिसली, तर फळ मोकळे राहिले किंवा रस कमी शिजला. तळाशी पांढुरके, गढूळ पाणी असेल, तर क्रीम जास्त फेटले गेले. हिरवट झाक असलेले पातळ पाणी हे चक्क्याचे, तो पुरता निथळला नव्हता. चुरा वरून एकसारखा गडद झाला असेल, तर ओलावा हळूहळू झिरपला आहे आणि बांध कमी पडला. एकाच कडेला गडद पट्टा असेल, तर तिथे फट राहिली होती. आणि वरच्या थरावर सुटे थेंब असतील, तर ते आतले पाणी नाहीच, ते झाकणावरून टपकले आहे.

हे झाकणाचे थेंब कोमट रस भरून लगेच झाकण लावल्याने येतात. थर पूर्ण गार असावेत आणि कप फ्रिजमध्ये आधी अर्धा तास उघडे ठेवून मग झाकावेत. अर्ध्या बोटाची रिकामी जागा यासाठीही असते, झाकणाचा थेंब लगेच आंब्याला टेकत नाही.

## ठाण्याहून वाशीपर्यंत

ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे ते वाशी हा अर्ध्या तासाचा प्रवास, पण घर ते घर धरले, तर सव्वा तास सहज जातो. थर्मोकोलच्या पेटीत खाली बर्फाच्या गोठवलेल्या पिशव्या, त्यावर पुठ्ठा आणि त्यावर कप एकमेकांना चिकटून अशी मांडणी असेल, तर ते हलत नाहीत आणि थंडही राहतात. मे महिन्यातल्या उकाड्यात दुधाचे क्रीम तासाभरापेक्षा जास्त वेळ फ्रिजबाहेर ठेवू नये. हे केवळ रूपासाठी नाही, ते खराबही होते.

पोहोचल्यावर एक मोह आवरावा लागतो. झाकणे लगेच काढून कप टेबलावर मांडावेत असे वाटते, परंतु पाच अंशांवरचे क्रीम आपल्या दमट हवेत उघडे पडले, की थंड पाण्याच्या तांब्यावर जसे दव जमते, तसे त्याच्यावरही जमू लागते आणि वीस तास जपलेली रेघ पाच मिनिटांत ओली दिसते. कप झाकणासकट बाहेर काढावेत, बाहेरचे दव फडक्याने पुसावे, आणि झाकण खाणाऱ्यालाच उघडू द्यावे. भुरभुरायच्या चुऱ्याची डबी तेवढी शेजारी ठेवायला विसरू नये.